कंपनी एकच, राज्यागणिक नोंदी वेगळ्या

कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारी एखादी खाजगी कंपनी घ्या. व्यवसाय वाढतो तसे तिला दोन नवी ठिकाणे हवी असतात. एक नागपूरला, विदर्भातल्या गिऱ्हाइकांसाठी. दुसरे निपाणीला, कारण बेळगाव, हुबळी, धारवाडकडची मागणी तिथून सांभाळणे सोपे. नागपूर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. निपाणी मात्र कागल ओलांडले की आलेच. मालकाला वाटते, लांबचे नागपूर जड जाईल आणि जवळच्या निपाणीचे काय, सहज होईल. प्रत्यक्षात उलट घडते. नागपूरच्या गोदामासाठी जुन्याच नोंदणीत एक पत्ता वाढवला की मुख्य काम झाले. निपाणीच्या गोदामासाठी कराच्या दृष्टीने जवळजवळ नवा व्यापारी उभा करावा लागतो. कंपनी मात्र तीच राहते, संचालक तेच आणि बँकेतले पैसेही तेच.

हा विरोधाभास समजून घ्यायचा तर आधी कंपनी कायदा काय म्हणतो ते पाहावे लागते. आपल्याकडे कंपन्यांची स्थापना आणि नियमन हा राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत ठेवलेला विषय आहे. कंपनी नोंदली जाते ती केंद्र सरकारच्या कंपनी निबंधकाकडे, ज्याला सगळे ‘आरओसी’ म्हणतात. कोल्हापूरची कंपनी पुण्याच्या निबंधकाकडे नोंदली जाते आणि त्या एका नोंदणीवर तिला देशात कुठेही व्यवसाय करता येतो. कर्नाटकात शाखा उघडली म्हणून बंगळुरूच्या निबंधकाकडे वेगळी नोंदणी करावी लागत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यात शाखा कार्यालयाची व्याख्याही सोपी आहे : कंपनी ज्या आस्थापनेला आपली शाखा म्हणते, ती शाखा.

कंपनीचे राज्य ठरते ते तिच्या नोंदणीकृत कार्यालयावरून. प्रत्येक कंपनीला मिळणाऱ्या २१ अक्षरांच्या ओळख क्रमांकात त्या राज्याची दोन अक्षरे गुंफलेली असतात. इन्फोसिसचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. तिचा आजचा क्रमांक L85110KA1981PLC013115 असा आहे. पहिले अक्षर सांगते की कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. पुढचे पाच आकडे उद्योगाचा प्रकार सांगतात. KA म्हणजे कर्नाटक, १९८१ हे स्थापनेचे वर्ष, PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड आणि शेवटचे सहा आकडे नोंदणीचे. हिंजवडीत या कंपनीचे मोठे संकुल आहे, पण या क्रमांकात त्याचा मागमूस नाही. कंपनी कायद्याला एकच घर ठाऊक असते, बाकी सगळी त्या घराची कामाची ठिकाणे.

तरीही कंपनी कायदा शाखेवर दोन जबाबदाऱ्या टाकतो. पहिली फलकाची. कलम १२ नुसार जिथे जिथे कंपनीचे काम चालते, त्या प्रत्येक जागेबाहेर कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ठळकपणे लावावा लागतो आणि तो त्या भागात वापरात असलेल्या एखाद्या भाषेच्या लिपीत असावा लागतो. म्हणजे निपाणीच्या गोदामावर शिरोलीचा पत्ता हवा. निपाणीत मराठीही सर्रास चालते, तेव्हा केवळ कंपनी कायद्यापुरते देवनागरी पुरेल. पण कर्नाटकाचा स्वतःचा भाषाविषयक कायदा आहे आणि २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकाने-कार्यालयांच्या फलकावर ६० टक्के कन्नड असणे आवश्यक आहे. त्यामुळे रंगाऱ्याला मजकूर देण्याआधीच फलकावर काय काय आणि कोणत्या भाषेत येणार ते ठरवून घेतलेले बरे.

दुसरी जबाबदारी हिशेबाची. कंपनीच्या वह्या नोंदणीकृत कार्यालयात असाव्यात असा नियम आहे. शाखेच्या व्यवहारांच्या वह्या शाखेतच ठेवायला मुभा आहे, मात्र त्यांचा गोषवारा ठरावीक काळाने मुख्य कार्यालयाला पोचला पाहिजे. संचालक मंडळाने सगळ्या वह्या दुसऱ्याच ठिकाणी न्यायचे ठरवले, तर निबंधकाला सात दिवसांत कळवावे लागते. कंपनी कायद्याच्या बाजूने शाखेचे ओझे एवढेच, आणि ते फारसे नाही.

खरी गोष्ट सुरू होते वस्तू व सेवा करापाशी. जीएसटीची नोंदणी देशाची नसून राज्यवार असते. जिथून माल विकला जातो किंवा सेवा दिली जाते, त्या राज्यात नोंदणी हवी. आणि एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या नोंदण्या या कायद्याच्या नजरेत दोन भिन्न व्यक्ती ठरतात. केंद्रीय कायद्याच्या कलम २५ मधले हे एक वाक्य पुढच्या सगळ्या कामाचे मूळ आहे. १५ अक्षरांच्या जीएसटी क्रमांकाची रचनाही तेच सांगते. पहिले दोन आकडे राज्याचे असतात : महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे कंपनीचा पॅन. पॅन सगळीकडे तोच, आधीचे दोन आकडे मात्र राज्याप्रमाणे बदलतात.

आता नागपूर आणि निपाणीतला फरक उलगडतो. नागपूरचे गोदाम २७ च्याच हद्दीत आहे. तिथे काम सुरू झाल्यापासून १५ दिवसांत पोर्टलवर दुरुस्तीचा अर्ज करून ते ‘व्यवसायाची अतिरिक्त जागा’ म्हणून दाखवायचे, की जुन्याच प्रमाणपत्रात त्याचा पत्ता येतो. शिरोलीहून नागपूरला माल पाठवला तर ती विक्री नसते. सोबत डिलिव्हरी चलन आणि लागत असेल तर ई-वे बिल असले की झाले, कर लागत नाही. निपाणीला जाणारा तोच माल मात्र एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला केलेला पुरवठा ठरतो.

इथे एक शंका हमखास येते. निपाणीतला धंदा सुरुवातीला छोटाच असणार, मग ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज काय? उत्तर असे, की उलाढालीची मर्यादा शाखेपुरती मोजली जात नाही. एका पॅनवर देशभरात झालेली सगळी उलाढाल त्यात धरतात. कंपनी शिरोलीत आधीच ती मर्यादा ओलांडून बसलेली असेल, तर निपाणीतून विकलेल्या पहिल्या पंपालाही कर्नाटकाची नोंदणी हवी. मात्र परराज्यात गिऱ्हाईक असणे आणि परराज्यातून विक्री करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिरोलीच्या कारखान्यातून ट्रक थेट धारवाडच्या गिऱ्हाइकाकडे जात असेल, तर शिरोलीच्याच क्रमांकावर आंतरराज्य कर लावून बिल करता येते. कर्नाटकात काही नोंदवावे लागत नाही. माल आधी निपाणीला उतरवून, तिथे साठवून, तिथून विकायचा असेल, तेव्हाच २९ ने सुरू होणारा क्रमांक लागतो.

तो मिळवण्याचे काम एका कागदापासून सुरू होते. संचालक मंडळ निपाणीत शाखा उघडण्याचा ठराव करते आणि त्याच ठरावात तिथल्या नोंदणीसाठी सही कोण करणार ते ठरवते. मग जागेचा भाडेकरार आणि सोबत मालकाच्या मालकीचा एखादा पुरावा : वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा तत्सम काही. पोर्टलवर आधी राज्य, पॅन, मोबाइल आणि ईमेल भरून तात्पुरता क्रमांक मिळतो आणि त्यावर पूर्ण अर्ज भरायचा असतो. राज्य निवडताना कर्नाटक निवडायचे. वाचायला हे क्षुल्लक वाटेल, पण घाईत महाराष्ट्र निवडला गेला तर सगळा अर्ज पुन्हा भरावा लागतो. अर्ज सादर झाला की पोचक्रमांक येतो. सगळे नीट असेल तर साधारण सात कामकाजी दिवसांत निकाल लागतो. अधिकाऱ्याला जागा पाहायची असेल तर ३० दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो.

अर्ज अडतात ते बहुतेक जागेपाशी. भाडेकरारात गाळा क्रमांक एक आणि वीजबिलावर दुसरा. मालकी वडिलांच्या नावावर आणि करार मुलाने केलेला. पाहणीला अधिकारी येतात तेव्हा शटर बंद, बाहेर फलक नाही, आत एक खुर्चीही नाही. शंका आली की अधिकारी पोर्टलवर नोटीस काढतात आणि सात कामकाजी दिवसांत उत्तर मागतात. हे उत्तर वेळेत गेले नाही तर अर्ज फेटाळला जातो. नोटीस येते ती अर्जात दिलेल्या ईमेलवर. तो ईमेल बाहेरच्या सल्लागाराचा असेल आणि त्याने पाहिला नाही, तर कंपनीला पत्ताही लागत नाही.

एका अडचणीवर मात्र तोडगा निघाला आहे. सही करणारा माणूस कोल्हापुरात राहतो आणि नोंदणी कर्नाटकात मागतो, असे का, हा प्रश्न अर्जदारांना वारंवार विचारला जाई. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने अधिकाऱ्यांना स्पष्ट सूचना दिली, की संचालक किंवा सही करणारी व्यक्ती त्या राज्यात राहत नाही अशा गृहीतकावर आधारलेले प्रश्न विचारू नयेत. भाडेकरारासोबत घरमालकाचा पॅन, आधार किंवा फोटो मागू नये, हेही त्याच सूचनेत आहे. ही सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांना उद्देशून असली, तरी अनावश्यक कागद मागितले गेल्यास तिचा हवाला देता येतो.

क्रमांक हाती आला की पहिला ट्रक निघू शकतो. आपल्या कंपनीने १०० पंप निपाणीला पाठवले असे समजू. एका पंपाची किंमत ८,००० रुपये, म्हणजे एकूण माल आठ लाखांचा. १८ टक्के दराने शिरोलीच्या नोंदणीने निपाणीच्या नोंदणीला १,४४,००० रुपये आंतरराज्य कर लावून बिल करायचे. पैशांची देवघेव झालेली नसते, तरीही बिल लागते. किंमत किती धरायची याचा वाद इथे सहसा होत नाही, कारण निपाणीच्या नोंदणीला या कराची पूर्ण वजावट मिळत असेल तर बिलावर लिहिलेली किंमतच ग्राह्य धरली जाते. मालाचे मूल्य ५० हजारांपेक्षा जास्त असल्याने ट्रकसोबत ई-वे बिलही हवे.

शिरोली हे १,४४,००० पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात भरते. त्यासाठी कच्च्या मालावर भरलेल्या कराची शिल्लक वजावट ती वापरू शकते. तीच रक्कम निपाणीच्या खात्यात वजावट म्हणून जमा दिसते. निपाणीहून हे पंप प्रत्येकी १०,००० रुपयांना कर्नाटकातल्याच गिऱ्हाइकांना विकले, तर दहा लाखांवर ९०,००० केंद्राचा आणि ९०,००० कर्नाटकाचा असा १,८०,००० कर लागतो. त्यातून १,४४,००० वजा जाता रोख भरायचे उरतात ३६,०००. सगळे पंप विकले गेले की हिशेब पूर्ण होतो आणि कंपनीचे यात काही नुकसान होत नाही.

नुकसान होते ते माल पडून राहिला की. समजा, पावसाळ्यात मागणी थंडावली आणि ६० पंप गोदामात राहिले. त्यांच्यापोटी शिरोलीने भरलेले ८६,४०० रुपये निपाणीच्या खात्यात वजावट म्हणून अडकतात. शिरोलीला त्याच महिन्यात कर भरायला पैसे कमी पडले, तरी निपाणीची शिल्लक तिकडे वळवता येत नाही. पॅन एक असला तरी वजावटीची खाती वेगळी. म्हणून परराज्यात गोदाम करणाऱ्याने मालाचा साठा ठरवताना मागणीबरोबर हा अडकणारा करही मोजावा. थोडा थोडा माल जास्त वेळा पाठवणे वाहतुकीला महाग पडते, पण खेळत्या भांडवलाला स्वस्त पडते.

दुसरी नेहमीची गळती हॉटेलच्या बिलातून होते. कंपनीचा विक्री प्रतिनिधी हुबळीला मुक्काम करतो आणि काउंटरवर सवयीने महाराष्ट्राचा जीएसटी क्रमांक देतो. हॉटेलची सेवा जिथे इमारत आहे तिथेच दिली गेली असे कायदा मानतो. त्यामुळे बिलावर केंद्राबरोबर कर्नाटकाचा राज्य कर लागतो आणि महाराष्ट्राच्या नोंदणीला त्याची वजावट मिळत नाही. निपाणीची नोंदणी असताना, तिच्या कामासाठीच्या मुक्कामाचे बिल २९ च्या क्रमांकावर घेतले तर वजावटीचा मार्ग खुला राहतो. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे : बिलावरचा राज्य कर ज्या राज्याचा, त्याच राज्याचा आपला क्रमांक बिलावर छापलेला आहे का, हे पाहायचे.

सगळ्यांत महाग पडते ती वेळेची चूक. नोंदणीसाठी ३० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत अर्ज केला तर नोंदणी आपण करपात्र झालो त्या तारखेपासून लागू होते आणि मधल्या विक्रीची बिले महिन्याभरात सुधारून देता येतात. मुदत टळली तर नोंदणी मंजुरीच्या दिवसापासूनच धरली जाते. मधल्या काळातल्या विक्रीवर कर भरावा लागतोच, पण गिऱ्हाइकांना त्याची वजावट देता येत नाही आणि नोंदणी न करण्याचा दंड किमान १०,००० रुपये किंवा बुडवलेल्या कराइतका, यांत जे जास्त ते. तसेच नोंदणीत न दाखवलेल्या गोदामात माल सापडला तर तो हिशेबाबाहेरचा आहे असा संशय पहिल्यांदा येतो. जप्ती आणि खुलाशांचे सत्र तिथून सुरू होते.

कर मार्गी लागला की माणसांची नोंद. निपाणीत चार माणसे कामाला ठेवली, तर कर्नाटकाचा १९६१ चा दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा लागू होतो. काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत त्याखाली नोंदणी करायची असते. महाराष्ट्राच्या शॉप अ‍ॅक्टचे प्रमाणपत्र तिकडे दाखवून उपयोग नाही, कारण दोन्ही कायदे आपापल्या राज्यापुरते आहेत.

व्यवसाय करातला फरक पगारपत्रकावरच दिसतो. राज्यघटनेने या कराला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, पण तिच्या आत प्रत्येक राज्य आपले दर ठरवते. शिरोलीत महिना १८,००० रुपये पगार घेणाऱ्या पुरुष कामगाराचे दरमहा २०० रुपये कापले जातात. त्याच पगारावर निपाणीत काम करणाऱ्याचे काहीच कापायचे नसते, कारण कर्नाटकात हा कर २५,००० रुपयांपासून पुढे लागतो. दिल्ली आणि हरियाणात तर हा करच नाही. एकाच सॉफ्टवेअरवर दोन्हीकडचे पगार काढताना शाखेचे राज्य बदलायचे राहिले, की निपाणीच्या माणसाचे पैसे विनाकारण कापले जातात आणि ते भलत्याच राज्याच्या तिजोरीत जातात.

भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत मात्र उलट तत्त्व आहे. तिथे शाखा वेगळी धरत नाहीत. कंपनीचे सगळे विभाग आणि शाखा मिळून एकच आस्थापना, हे सूत्र या निधीच्या १९५२ च्या कायद्यातच घालून दिले होते. निपाणीत चारच माणसे आहेत म्हणून त्यांना पीएफ नको, ही समजूत चुकीची आहे. शिरोलीत पीएफ लागू असेल तर निपाणीतही लागू. तोच माणूस कोल्हापुरातून निपाणीला बदलून गेला तर त्याचा पीएफचा सार्वत्रिक क्रमांकही बदलत नाही.

शाखा बंद करतानाही हा हिशेब पाळावा लागतो आणि नेमके तेच पुष्कळांच्या हातून राहून जाते. गोदाम रिकामे केले, भाडेकरार संपवला, फलक उतरवला, पण २९ ची नोंदणी तशीच राहिली. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते आणि ते चुकले की दिवसाच्या हिशेबाने विलंब शुल्क चढत जाते. त्यामुळे नोंदणी रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा, उरलेल्या मालावर घेतलेली वजावट परत करायची आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरायचे. उरलेला माल आधी शिरोलीला बिल करून परत पाठवला, तर ही परतफेड बरीचशी टळते. म्हणून शेवटचा ट्रक आधी आणि रद्दीकरणाचा अर्ज नंतर, हा क्रम पाळावा.

परराज्यात शाखा उघडू पाहणाऱ्या लहान उद्योजकाने जागा ठरवण्यापूर्वी आपल्या सीएला एकच प्रश्न विचारावा : गिऱ्हाइकांपर्यंत माल थेट कारखान्यातून पोचवून भागेल का? भागत असेल तर दुसऱ्या राज्यातली नोंदणी, तिची दरमहाची विवरणपत्रे आणि अडकणारा कर यांतले काहीच अंगावर घ्यायची गरज नाही. भागत नसेल, तर ठराव, भाडेकरार आणि नोंदणी या क्रमाने काम पुरे करावे आणि नव्या राज्याचा क्रमांक हातात पडल्याशिवाय एकही पंप गोदामात उतरवू नये.